‘पैसे भरा’ दाबण्याआधी ‘रद्द करा’चा हिशेब वाचा

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीचं बुकिंग सुरू झालं, की घरातला एखादा जाणकार चार ॲपं उघडून बसतो आणि थोड्या वेळाने जाहीर करतो, ‘इथे दोनशे रुपयांनी स्वस्त आहे.’ निर्णय तिथेच होतो. माझी सगळ्यांना विनंती आहे की तो निर्णय तिथे होऊ देऊ नका. शोधाच्या यादीतला आकडा प्रत्येक साइट तिला हवा तसा दाखवते. तिचा खरेपणा दोनच ठिकाणी कळतो. एक ठिकाण म्हणजे पैसे भरण्याआधीचं शेवटचं पान. दुसरं म्हणजे तिकीट रद्द केलं तर हाती किती पडेल, ते सांगणारं पान. हे दुसरं पान पैसे भरायच्या आधीच उघडून वाचता येतं, पण वाचणारे फार थोडे.

मी विमानाच्या देशांतर्गत तिकिटांबद्दलच बोलतो आहे. ग्राहक मार्गदर्शन करताना माझ्याकडे प्रवासाच्या ज्या तक्रारी येतात, त्यात ‘पैसे कापले’ आणि ‘पैसे आलेच नाहीत’ या दोनच सर्वाधिक असतात, आणि त्या बहुतेक विमान तिकिटांच्या असतात.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण रोज दिसणाऱ्या आकड्यांच्या जवळचे आहेत. पुण्याहून दिल्लीला चौघांना जायचं आहे. एका दलाल साइटच्या यादीत दर दिसतो माणशी ५,४०० रुपये, म्हणजे चौघांचे २१,६००. यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून माणशी ४,३०० आहेत. उरलेले १,१०० म्हणजे जीएसटी आणि विमानतळाची वेगवेगळी शुल्कं. ही फोड लक्षात ठेवा, तिच्यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

पुढच्या पानावर हिरव्या अक्षरांत ‘कूपन लागू झालं, ८०० रुपये वाचले’ असं येतं. आपण खूश. त्याच्या पुढच्या पानावर प्रवास विमा माणशी २४९ रुपये, म्हणजे ९९६, आणि त्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली. खाली कुठल्याशा सत्कार्याला १० रुपये, तिथेही खूण तयार. आणि अगदी शेवटी कन्व्हीनियन्स फी माणशी ३९९, म्हणजे १,५९६. एकूण २३,४०२. विमा आणि देणगीवरची खूण काढली तर २२,३९६ राहतात. ८०० वाचले म्हणणाऱ्या साइटने १,५९६ वसूल केले आहेत, आणि तेही आपण नावं, वयं, ईमेल वगैरे सगळं भरून दमल्यावर.

आता त्याच विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊ. तिथेही कन्व्हीनियन्स फी असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. समजा ती माणशी ३२५ आहे. म्हणजे २१,६०० अधिक १,३०० मिळून २२,९००. दलाल साइट अजूनही ५०४ रुपयांनी स्वस्तच आहे. मग बिघडलं कुठे?

चार दिवसांनी घरात कुणी आजारी पडलं आणि जाणं रद्द झालं, तर बिघडतं. समजा विमान कंपनीचं रद्द करण्याचं शुल्क माणशी ३,५०० आहे. चौघांचे १४,००० दोन्हीकडे जाणारच. कंपनीच्या साइटवरून काढलं असतं तर कन्व्हीनियन्स फीचे १,३०० बुडाले असते आणि ७,६०० परत आले असते. दलाल साइटवर मात्र त्यावर तिचं स्वतःचं ‘सेवा शुल्क’ लागतं, समजा माणशी ३००, म्हणजे १,२००. कन्व्हीनियन्स फी परत नाही. कूपनचे ८०० परताव्यातून वळते होतात. हाती येतात ५,६००. एकूण बुडाले १६,७९६. कंपनीकडे बुडाले असते १५,३००. ५०४ वाचवायला गेलो आणि १,४९६ जास्त घालवले.

याचा अर्थ दलाल साइट वापरूच नये असा नाही. जाणं शंभर टक्के नक्की असेल तर ते ५०४ रुपये खरोखर आपले आहेत. एका पानावर सगळ्या कंपन्यांची विमानं दिसणं ही मोठीच सोय आहे. पण ही दोन उत्तरं, जाणं झालं तर किती आणि रद्द झालं तर किती, शेजारी शेजारी मांडल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नये. साइट पारखायची ती याच रकमांवरून. आणि प्रत्येक शुल्काच्या शेजारी ‘माणशी’ लिहिलं आहे की ‘बुकिंगमागे’, तेही बघा. जाण्या-येण्याचं तिकीट असेल तर शुल्क ‘माणशी, प्रत्येक टप्प्यामागे’ असतं आणि चौघांचा गुणाकार आठने होतो. ३०० रुपये वाचताना किरकोळ वाटतात, पण आठने गुणले की २,४०० होतात.

हा सगळा प्रकार कायद्याच्या नजरेतून सुटलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला नकळत फसवणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. गंमत म्हणजे त्यातली कितीतरी उदाहरणं प्रवासाच्या बुकिंगमधलीच आहेत. विमान तिकिटाबरोबर विमा आपोआप जोडणं हे ‘बास्केट स्नीकिंग’चं उदाहरण आहे. विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायला लावणं, म्हणजे ओशाळवाणं करून खरेदी करायला लावणं, हेही त्यात आहे. आधी एक किंमत आणि पैसे भरताना दुसरी, याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटलं आहे. ‘फक्त दोनच खोल्या शिल्लक, तीस जण आत्ता हेच पाहताहेत’ ही खोटी घाई तर जवळजवळ शब्दशः तिथे आहे. त्याआधीच्या, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानायला मनाई आहे.

एक पळवाट मात्र ओळखून ठेवा. खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगितलेलं शुल्क या सूचनांनुसार ‘आवश्यक शुल्क’ ठरू शकतं, तो चोरून घातलेला माल ठरत नाही. म्हणून कन्व्हीनियन्स फी कितीही जाचक वाटली, तरी ती शेवटच्या पानावर ठळक लिहिलेली असेल तर ‘बेकायदा आहे’ म्हणून भांडण टिकणं अवघड आहे. भांडण टिकतं ते आपोआप जोडलेल्या विम्याचं, आणि शोधाच्या पानावरचा दर वेगळा व पैसे भरतानाचा वेगळा निघाला त्याचं. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून तीन स्क्रीनशॉट काढायची सवय लावून घ्या: यादीतल्या दराचा, शेवटच्या पानावरच्या फोडीचा आणि रद्द करण्याच्या शुल्काच्या तक्त्याचा. तिकीट काढून झालं की ती पानं पुन्हा तशीच दिसतील याची खात्री नसते.

‘दोनच शिल्लक’बद्दल थोडं आणखी. ते दर वेळी खोटंच असतं असं नाही. एकाच विमानात, एकाच वर्गात, आसनांच्या दराचे टप्पे असतात. स्वस्त टप्प्यातल्या जागा संपल्या की पुढचा टप्पा उघडतो. ‘दोनच शिल्लक’ याचा अर्थ पुष्कळदा ‘या दराच्या दोनच’ एवढाच असतो, विमान रिकामंही असेल. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. स्वस्त टप्प्यात तीन जागा उरल्या आहेत आणि आपण चार मागितल्या, तर यंत्रणा बहुधा चौघांनाही वरच्या टप्प्याचा दर लावते. म्हणून आधी एका माणसासाठी शोधून पाहा, मग चौघांसाठी. माणशी दर बदलला तर तीन आणि एक अशी दोन बुकिंगं केल्याने पैसे वाचू शकतात. तोटा असा, की पीएनआर दोन होतात. विमान बदललं किंवा रद्द झालं तर विमान कंपनी त्या दोन बुकिंगांकडे स्वतंत्रपणे पाहते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर मी तरी हा खटाटोप करणार नाही.

आता त्या फोडीकडे येऊ, ४,३०० आणि १,१००. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, तिकिटाच्या परताव्याबाबत नियम आहे. तो फार कमी प्रवाशांना माहीत असतो. तिकीट रद्द केल्यावर विमान कंपनी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त कापू शकत नाही. आणि सरकारी कर व विमानतळाची प्रवाशांकडून घेतलेली शुल्कं तिने परत द्यायची असतात. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, सवलतीच्या दराचं असलं तरी, एवढंच काय, तुम्ही विमानतळावर पोहोचलाच नाहीत तरी. परतावा देण्याच्या कामाचं वेगळं शुल्कही विमान कंपनीला लावता येत नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? समजा तिकीट स्वस्तातलं आहे. मूळ भाडं व इंधन अधिभार २,४०० आणि कर-शुल्कं ९००, मिळून ३,३००. कंपनीचं छापील रद्द शुल्क ३,५०० असलं तरी तिला २,४०० च कापता येतात आणि ९०० परत येणं लागतं. पण दलाल साइटच्या पडद्यावर येतं ‘परतावा: शून्य’, आणि लोक ‘जाऊ दे, एवढ्याने काय होतंय’ म्हणून सोडून देतात. ती शून्याची बेरीज कशी झाली ते विचारा. साइटचं सेवा शुल्क वजा करूनही काही उरायला हवं होतं, तर उरलेलं कुठे गेलं? विमान चुकलं तेव्हा तर लोक विचारतही नाहीत, कारण चूक आपली होती असं त्यांना वाटतं. विमान चुकलं म्हणून भाडं गेलं हे ठीक, पण ज्या विमानतळावरून उडालोच नाही त्याचं शुल्क भरायचं कारण नाही. अनेक साइटवर हा ‘नो-शो’चा परतावा आपोआप येत नाही, मागावा लागतो. साइटची परीक्षा घ्यायची असेल तर मदतीच्या पानावर ‘नो-शो’ शोधून पाहा. कर परत मिळवायचा अर्ज कुठे आहे, हे जिथे सरळ सापडतं ती साइट निदान नियम पाळायचा विचार करते आहे.

याच नियमात आणखी एक सवलत आहे. तिकीट काढल्यावर सुरुवातीच्या काही तासांत, प्रवासाला पुरेसे दिवस शिल्लक असतील तर, विमान कंपनीला रद्द शुल्क लावता येत नाही. वर्षानुवर्षं हा अवधी २४ तासांचा आणि प्रवास किमान ७ दिवस दूर, असा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ४८ तासांवर नेण्याचा मसुदा डीजीसीएने आणला. तिकीट काढण्याच्या दिवशी लागू असलेला अवधी विमान कंपनीच्या साइटवर बघून घ्या. पण ही सवलत विमान कंपनीच्या शुल्कापुरती आहे. दलाल साइट तिची कन्व्हीनियन्स फी आणि सेवा शुल्क त्या तासांतही ठेवून घेते का, हे तिच्या अटींत वाचायला लागतं. हा प्रश्न बुकिंग करण्याआधी ग्राहक सेवेला विचारून पाहा. उत्तर देणारा माणूस ‘सर, ते एअरलाइनच्या पॉलिसीनुसार असतं’ एवढंच तीन वेळा म्हणत राहिला, तर त्या साइटची ग्राहक सेवा कशी आहे ते तुम्हाला फुकटात कळलं.

‘झीरो कॅन्सलेशन’ किंवा ‘फ्री कॅन्सलेशन’ नावाची जोडणी माणशी काही शे रुपयांत विकतात. ती सरसकट वाईट नाही. घरात आजारी माणूस असेल तर मीही घ्यायला सांगतो. घेण्याआधी एवढं वाचा: सुटण्याच्या किती तास आधीपर्यंत रद्द करायचं, परताव्याची कमाल रक्कम किती, चौघांपैकी एकट्याचं तिकीट रद्द करता येतं का, आणि पैसे खात्यात येतात की साइटच्या वॉलेटमध्ये. वॉलेटमधल्या पैशाला बहुधा मुदत असते. मूळ खात्यातच हवेत, असं लेखी सांगा. विमान कंपन्यांच्या बाबतीत डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे: परताव्याची रक्कम कंपनीकडे जमा ठेवायची की नाही हे प्रवासी ठरवतो, कंपनी परस्पर ठरवू शकत नाही.

आता सगळ्यात चिवट तक्रार, पैसे आलेच नाहीत. ही नीट समजून घ्यायची तर पैसे कोणत्या वाटेने जातात ते कळायला हवं. दलाल साइटवरून तिकीट काढलं की विमान कंपनीच्या वहीत ते त्या दलालाच्या खात्यातून काढलेलं असतं. रद्द झालं की विमान कंपनी पैसे त्या दलालाच्या खात्यात जमा करते, तुमच्या नाही. तिथून ते तुमच्याकडे यायचे. मग टोलवाटोलवी सुरू होते. विमान कंपनी म्हणते, ‘आम्ही एजंटला दिले.’ साइट म्हणते, ‘एअरलाइनकडून अजून आले नाहीत.’ नियम याबाबतीत प्रवाशाच्या बाजूचा आहे. एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट तिचा नेमलेला प्रतिनिधी आहे. त्यासाठी ३० कामाच्या दिवसांची मुदत होती. वर सांगितलेल्या मसुद्यात ती २१ कामाच्या दिवसांवर आणायचं सुचवलं.

हे पैसे किती काळ अडकू शकतात, याचं उदाहरण सरकारी नोंदीतच आहे. कोविडच्या टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानांचे पैसे परत द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. तरीही २०२१ मध्ये यात्रा या साइटकडे ३६,२७६ बुकिंगांचे सुमारे २६ कोटी रुपये देणं बाकी होतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरण मागे लागल्यावर जून २०२४ पर्यंत ते ४,८३७ बुकिंगांच्या सुमारे अडीच कोटींवर आलं. मग प्राधिकरणाने आदेश काढला, की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमध्ये खास पाच जागा ठेवून या प्रवाशांना फोन करा आणि पैसे द्या. टाळेबंदीनंतर चार वर्षांनी ही स्थिती होती. ज्यांनी मधल्या काळात पाठपुरावा सोडला, त्यांना फोन करण्यासाठीही वेगळी व्यवस्था लावावी लागली.

पाठपुरावा कसा करायचा ते एका संभाषणातून दाखवतो. माझ्यासमोर बसून एका निवृत्त शिक्षकांनी असा फोन केला होता. साइटचं नाव सांगत नाही.

‘सर, आमच्याकडून रिफंड प्रोसेस झालेला आहे.’

‘कोणत्या तारखेला?’

‘सर, सात ते दहा दिवसांत तुमच्या अकाउंटला दिसेल.’

‘बाळा, मी तारीख विचारली. आणि एआरएन नंबर दे.’

पलीकडे शांतता. मग ‘सर, होल्डवर ठेवतो’. मग संगीत. परत आल्यावर आवाज बदललेला होता: ‘सर, तुमची रिक्वेस्ट आजच पुढे पाठवतोय.’ म्हणजे तोवर काहीच प्रोसेस झालेलं नव्हतं.

क्रेडिट वा डेबिट कार्डावर पैसे खरोखर परत पाठवले, की त्या व्यवहाराला एआरएन नावाचा एक लांबलचक क्रमांक मिळतो. तो घेऊन बँकेत गेलात की बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. यूपीआयच्या बाबतीत १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. हा क्रमांक देता येत नसेल तर ‘प्रोसेस झालंय’ या शब्दाला काही किंमत नाही. दुसऱ्या बाजूने विमान कंपनीला ईमेल करा, पीएनआर लिहा आणि एवढंच विचारा: ‘या तिकिटाचा परतावा किती आणि कोणत्या तारखेला एजंटला दिला?’ याचं लेखी उत्तर आलं की टोलवाटोलवी बरीचशी संपते. ते उत्तर साइटला जोडून पाठवा.

ग्राहक सेवेचा क्रमांक मात्र कधीही गूगलवर शोधून लावू नका. परतावा अडकलेल्या माणसाची वाट पाहत भामट्यांनी खोटे क्रमांक तिथे पेरून ठेवलेले असतात. ते ‘रिफंड देतो’ म्हणून स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवायला लावतात, नाहीतर यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. क्रमांक साइटच्या स्वतःच्या पानावरून किंवा तिकिटावरूनच घ्या.

इथे साइट पारखायची आणखी एक सोपी खूण सांगतो. ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक साइटने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क ठळकपणे द्यायचा असतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. बुकिंगच्या आधी हे नाव शोधा. सापडायला पाच मिनिटांहून जास्त लागली, किंवा फक्त ‘चॅट करा’ हेच बटण फिरून फिरून समोर आलं, तर त्या साइटवर मोठ्या रकमेचं तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकीट काढून झाल्यावर लगेच करायचं एक काम आहे. विमान कंपनीच्या साइटवर जाऊन पीएनआर टाका आणि संपर्काच्या जागी कोणाचा फोन व ईमेल आहे ते पाहा. पुष्कळदा तिथे दलालाचा असतो. विमानाची वेळ पहाटे पाचवरून रात्री नऊवर गेली, तर तो निरोप दलालाला जातो आणि तुम्ही पहाटे तीनला टॅक्सी करून विमानतळावर. आपला क्रमांक तिथे स्वतः घाला.

शेवटी लोकांच्या शेऱ्यांबद्दल. ॲपच्या दुकानात साडेचार तारे दिसले की आपण निर्धास्त होतो. पण तारे मागणारी खिडकी केव्हा उघडते ते आठवा: तिकीट निघालं, पडद्यावर ‘अभिनंदन’ आलं, त्याच क्षणी. म्हणजे ते तारे बुकिंगचे आहेत, परताव्याचे नाहीत. परतावा न मिळालेल्याला कुणी तारे विचारत नाही. म्हणून शेरे वाचताना सर्वांत नवे आधी लावा, एक आणि दोन ताऱ्यांचे वाचा आणि ‘रिफंड’ हा शब्द शोधा. ‘भिकार सेवा’ असं लिहिलेले शेरे सोडून द्या, त्यातून काही कळत नाही. ज्यात रक्कम आणि दिवस लिहिले आहेत ते वाचा. खाली कंपनीचं उत्तर असेल आणि सगळ्यांना तेच एक वाक्य चिकटवलेलं असेल, तर तीही माहितीच आहे.

आणि आपण लिहितो तेव्हा तसंच लिहू या. यादीत किती दर होता, शेवटी किती भरले, रद्द कधी केलं, किती कापले, किती दिवसांनी किती आले, फोनवर माणूस भेटला की नाही. चांगला अनुभव आला असेल तर तोही याच तपशिलाने लिहा. साइटने दहा दिवसांत पै न् पै परत केली, हे लिहिणारे फार कमी आहेत, त्यामुळे नीट वागणाऱ्या साइट ओळखू येत नाहीत.

पैसे अडकलेच, तर क्रम असा ठेवा. आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. त्याच दिवशी विमान कंपनीला लेखी. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि विमानाची तक्रार असल्याने सरकारच्या एअरसेवा पोर्टलवरही. बरीच प्रकरणं इथेच सुटतात, कारण मोठ्या कंपन्यांना हेल्पलाइनवरून थेट तक्रार जाते. नाही सुटलं तर आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ‘ई-जागृती’वरून घरबसल्या अर्ज करता येतो. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तिकडे जावं लागत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे, आणि वकील सक्तीचा नाही. दावा कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा.

परताव्याच्या बाकी रकमा ९००, १,२००, २,४०० अशा असतात आणि ‘एवढ्यासाठी कोण भांडतो’ म्हणून सुटतात. तुमच्या फोनमध्ये मागच्या दोन वर्षांतलं एखादं रद्द केलेलं किंवा चुकलेलं तिकीट असेल, तर आज ते उघडा, भाड्याची फोड काढा आणि कर-शुल्कांची रक्कम परत आली का ते बँकेच्या नोंदीशी ताडून पाहा. आली नसेल तर साइटला आणि विमान कंपनीला आजच ईमेल करा.